उरलेले बारा सेकंद

त्या घड्याळात तास नाहीत. बारा जिथे असायला हवेत तिथे ६० लिहिलेलं असतं आणि एकाच्या जागी ५, दोनच्या जागी १०, असं करत पुन्हा साठापर्यंत. काटा एकच, लाल, आणि तोही थांबत थांबत न जाता सरकत जाणारा. सकाळ आहे की संध्याकाळ, ऑफिसला उशीर होतोय की नाही, यातलं काहीही त्याच्याकडून कळत नाही. पोहण्याच्या तलावाच्या काठावर, भिंतीला टेकवून ठेवलेलं ते मोठं पांढरं तबक मला फार आवडतं. पाण्यातून डोकं वर काढल्यावर, चष्म्यावर धुकं असतानाही ते दिसतं. त्याला पेस क्लॉक म्हणतात. त्याच्याकडून एकच गोष्ट मिळते: मघाशी काटा कुठे होता आणि आता कुठे आहे.

वेंगुर्ल्यात राहणाऱ्या माणसाला पोहायला घड्याळ लागावं, हे आमच्या घरात अजून कुणाला पुरतं पटलेलं नाही. आमच्याकडे पोहणं शिकायचं ते घराच्या बावीत. पाठीला रिकामा बंद डबा बांधायचा, कमरेला दोर, दोराचं टोक काठावर मामाच्या हातात. डबा सुटला की पोहता आलं, एवढी साधी परीक्षा. दमलं की बावीच्या पायरीवर बसायचं, ओठ निळे होईपर्यंत. त्या बसण्याला माप नव्हतं. पुन्हा उडी केव्हा मारायची हे थंडी किंवा आईची हाक ठरवायची. पुढे खाडीत आणि समुद्रात पोहले, तेव्हाही विश्रांती म्हणजे उताणं पडून आभाळ बघणं, मन भरेपर्यंत.

पण आमचा समुद्र वर्षभर पोहण्याजोगा नसतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या असतात आणि बंदरावर उभं राहिलं तर लाल गढूळ पाणी आणि लाटांचा सततचा आवाज, एवढंच. मालवणला चिवल्याच्या किनाऱ्यावर डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा होते. तिच्यात नीट पोहायचं असेल तर हे पावसाळी महिने असेच जाऊ देऊन चालत नाही. म्हणून रविवारी पहाटे शिरोडा, आरोंदा करत पणजी गाठायची आणि कांपालच्या ५० मीटरच्या तलावात उतरायचं, हा माझा पावसाळा झाला. घड्याळाची ओळख तिथली.

पहिल्यांदा सर म्हणाले, "ताई, दहा शंभर, वन-फॉर्टीवर. टॉपला निघा." तलावावरची ही बोली आता माझ्याही तोंडी बसली आहे. टॉप म्हणजे काटा साठावर. शंभर म्हणजे शंभर मीटर, या तलावात जाऊन-येऊन. वन-फॉर्टीवर म्हणजे दर एक मिनिट चाळीस सेकंदांनी पुढचं शंभर सुरू करायचं. तुम्ही केव्हा पोचलात याच्याशी त्या निघण्याचा संबंध नाही. १:२० मध्ये पोचलात तर वीस सेकंद भिंतीला धरून उभे राहा, १:३५ मध्ये पोचलात तर पाच. विश्रांती किती घ्यायची हे सर सांगत नाहीत. ते फक्त निघण्याची वेळ सांगतात. पोहून झाल्यावर जे उरेल ती विश्रांती.

मला हे समजायला सोपं गेलं, कारण मांडवी खाडीच्या मुखाशी वाढलेल्या माणसाला बांधलेली वेळ नवी नाही. भरती आली की होडी निघते. जाळं सोडवून झालं असो वा नसो, रात्री झोप झालेली असो वा नसो, मुखावरच्या वाळूच्या बांधावर पुरेसं पाणी असतं तेवढ्यातच बाहेर पडायचं. मासळी निवडणं, जाळं साफ करणं, डिझेल भरणं हे सगळं लवकर आटपलं तर मध्ये झोपायला मिळतं. भरती कुणासाठी अडत नाही. लाल काट्याचंही तसंच आहे. फरक एवढाच की भरती दिवसातून दोनदा येते आणि हा काटा मिनिटामिनिटाला वर येतो.

पण १:४० या आकड्यात एक गंमत आहे, ती पाण्यात उतरल्यावरच दिसते. काटा मिनिटाला एक फेरी पुरी करतो. एक मिनिट चाळीस सेकंद म्हणजे एक पूर्ण फेरी आणि वर चाळीस. म्हणजे पहिल्या वेळी ६० वर निघालात तर दुसऱ्या वेळी काटा ४० वर असताना निघायचं. तिसऱ्या वेळी ८० वर, म्हणजे २० वर. चौथ्या वेळी पुन्हा ६० वर. साठ, चाळीस, वीस, पुन्हा साठ. तबकावर हे तीन आकडे रेषांनी जोडले तर समभुज त्रिकोण होतो. तीन शंभरं पाच मिनिटांत बसतात आणि चक्र पहिल्या जागी येतं.

यामुळे मोजणीसुद्धा सोपी होते. दहा वेळा पोहायचं असेल तर टॉपवरून निघणारी शंभरं म्हणजे पहिलं, चौथं, सातवं आणि दहावं. मधे विसरायला झालं तरी काटा कुठे आहे ते बघून तिनाच्या फेऱ्यात आपण कुठे आहोत ते कळतं, आणि शेवटचं शंभर टॉपवरून निघतं याचं एक समाधान असतं. १:४५ लावलं तर चौकोन होतो: साठ, पंचेचाळीस, तीस, पंधरा. १:३० लावलं तर एक सरळ रेषा, वर आणि खाली. दोन मिनिटांचं लावलं तर दरवेळी टॉप, बिंदूच. पण १:३५ लावून बघा. साठ, पस्तीस, दहा, पंचेचाळीस, वीस, पंचावन्न... बारा वेळा निघाल्याशिवाय काटा पुन्हा टॉपवर सापडत नाही. दमलेल्या डोक्याला तेवढं गणित झेपत नाही. शेजारच्याला "आता कितव्वं?" असं विचारणारा माणूस बहुधा १:३५ वर पोहत असतो. आकडे झळकवणारी नवी घड्याळंही असतात आणि ती अचूक असतात, पण त्यांत हे आकार दिसत नाहीत. मला काट्याचं घड्याळ आवडतं ते या आकारांसाठी.

आता दुसरा त्रिकोण. समजा शंभर मीटरला मला १:२८ लागतात. टॉपवर निघाले तर काटा २८ वर असताना हात भिंतीला लागतो. चाळिसावर निघाले तर चाळीस आणि अठ्ठावीस अडुसष्ट, म्हणजे ८ वर. विसावर निघाले तर ४८ वर. अठ्ठावीस, आठ, अठ्ठेचाळीस: हा पोचण्याचा त्रिकोण. निघण्याचा त्रिकोण आणि पोचण्याचा त्रिकोण एकमेकांवर किंचित फिरवून ठेवल्यासारखे असतात. अठ्ठाविसापासून चाळिसापर्यंत, आठापासून विसापर्यंत, अठ्ठेचाळिसापासून साठापर्यंत, तीन छोट्या फटी राहतात. प्रत्येक फट बारा सेकंदांची. माझी सगळी विश्रांती त्या तीन फटींत मावते.

निघण्याचा त्रिकोण जागचा हलत नाही. पोचण्याचा हलतो. दमायला लागलं की तो हळूहळू पुढे सरकतो, अठ्ठाविसाचे तीस होतात, तिसाचे तेहेतीस, आणि फट बुजत जाते. दोन्ही त्रिकोण एकमेकांवर बसले की विश्रांती संपली. भिंतीला हात लावायचा आणि त्याच क्षणी निघायचं. त्याच्याही पुढे सरकला तर सेट मोडला.

बारा सेकंद म्हणजे किती, हे काठावर उभं राहून कळत नाही. हात लागला की आधी घड्याळ बघायचं, श्वास मागाहून. डोकं वर काढून, चष्मा सारखा करून मग बघितलं तर एक-दोन सेकंद आपल्या नावावर उगाच चढतात. मग तीन-चार खोल श्वास. एखादा शब्द कुणाशी बोलायचा असेल तर तो याच वेळात. शेवटच्या तीन सेकंदांत पाय भिंतीवर घ्यायचे, एक हात पुढे, आणि काटा आकड्यावर आला की भिंतीवरून पाय सुटले पाहिजेत. काटा दोन सेकंद मागे असतानाच सटकणारे असतात. त्यांची आकडेवारी सुंदर दिसते, पण पोचण्याची वेळ मोजताना निघण्याचे ते दोन सेकंद कुणी धरलेले नसतात. सर अशांना ओरडत नाहीत. ते नुसते त्या लेनपाशी येऊन उभे राहतात.

बारा सेकंदांत छातीची धडधड थांबत नाही, नाडीचे ठोके जेमतेम थोडे उतरतात. मला आधी वाटायचं, मग एवढ्याशा विश्रांतीचा उपयोग काय? सलग हजार मीटरच का नाही पोहायचं? तेही करून बघितलं जातं, आणि तिथे उत्तर मिळतं. सलग हजारात सहाशेच्या पुढे हात आखडायला लागतो, कोपर पाण्यात पडतं, पाय बुडतात, आणि पुढचे चारशे मीटर आपण चुकीचं पोहणं घोटवत राहतो. त्याचेच दहा तुकडे केले आणि मधे बारा सेकंद ठेवले तर दहाव्या तुकड्यातही हात पहिल्यासारखा राहू शकतो. उलट मधे दोन मिनिटं दिली तर शरीर पुरतं निवतं आणि प्रत्येक शंभर सुटं होतं; ते वेग वाढवायचं काम झालं, दम वाढवायचं नव्हे. पन्नास मीटर जीव तोडून मारायचे असतील तर मधे दोन-तीन मिनिटं हवीतच. पण समुद्रात तासभर एकाच चालीने जायचं असेल तर विश्रांती अशी हवी की हात सावरावा आणि छाती निवू नये. दहा ते पंधरा सेकंद त्या मापाचे.

विश्रांतीकडे असं बारकाईने बघणारी माणसं आधी धावण्याच्या मैदानावर होती. जर्मनीत १९३० च्या दशकात वोल्डेमार गेर्शलर नावाच्या प्रशिक्षकाने आणि हर्बर्ट राइंडेल या हृदयाच्या डॉक्टरांनी एक पद्धत बसवली. धावपटूच्या नाडीचे ठोके मिनिटाला १८० च्या आसपास जाईपर्यंत पळवायचं, मग ते १२० वर येईपर्यंत थांबायचं, पण त्याला दीड मिनिटापेक्षा जास्त लागता कामा नये. लागलं तर पळणं जास्त झालं असं समजायचं. त्यांचं म्हणणं असं की हृदयाची खरी वाढ पळताना होत नाही, त्या थांबण्यात होते. गेर्शलरचा शिष्य रुडॉल्फ हारबिग याने १९३९ मध्ये मिलानला ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला, तो १९५५ पर्यंत टिकला. पुढे ऑस्ट्रेलियात फोर्ब्स कार्लाइल आणि अमेरिकेत डॉक कौन्सिलमन यांनी तलावाच्या काठावर मोठं घड्याळ ठेवण्याची रीत रुजवली. दरवेळी कुणी नाडी धरून बसायला नको, शिट्टी नको. पोहणाऱ्यानेच बघायचं आणि निघायचं. मला या बदलात एक मोठी गोष्ट दिसते. गेर्शलरच्या मैदानावर विश्रांती संपली की नाही हे नाडी ठरवायची. तलावावर ते काटा ठरवू लागला. शरीर तयार आहे का, हे आता कुणी विचारत नाही. म्हणून तो आकडा आधी नीट बेतावा लागतो, आणि खरं कौशल्य तिथेच आहे.

माझं १:४० कसं ठरलं ते सांगते. सरांनी एके दिवशी ४०० मीटर जमेल तेवढ्या जोरात पोहायला लावलं, ५ मिनिटं ४० सेकंद लागले. बरीच विश्रांती देऊन मग २०० मीटर, त्याला २ मिनिटं ४४ सेकंद. मोठ्यातून छोटं वजा केलं: २ मिनिटं ५६ सेकंद. अंतराची वजाबाकी २०० मीटर. म्हणजे शंभरला १:२८. ही तुमची टिकणारी चाल, सर म्हणाले. निघतानाचा जोर आणि ताज्या अंगाची उधारी दोन्ही वेळांत सारखीच असते, वजाबाकीत ती निघून जाते आणि खाली उरते ती दीर्घकाळ झेपणारी गती. तिच्यात बारा मिळवा, झालं १:४०. इतकं साधं. पण हे ५० मीटरच्या तलावातलं आहे. २५ मीटरच्या तलावात शंभरात तीन वळणं येतात, प्रत्येक वळणाला भिंतीवरून ढकलून घेता येतं, आणि ज्याचं वळण चांगलं आहे त्याला शंभरमागे दोन-तीन सेकंद फुकट मिळतात. तिथे हेच १:४० सैल पडतं. आकडा उचलून दुसऱ्या तलावात नेता येत नाही.

एका रविवारी शेजारच्या लेनमध्ये एक मुलगा होता, कॉलेजातला, अंगाने काटक, डिसेंबरच्या स्पर्धेच्याच तयारीत. दोघांनाही दहा शंभरं, १:४० वर. टॉपला एकदम निघालो. मी परत आले तेव्हा तो भिंतीला टेकून कधीचा उभा. त्याचं पहिलं शंभर १:१९ ला झालं होतं, एकवीस सेकंद मोकळे. दुसरं १:२१, एकोणीस मोकळे. तिसरं १:२५. चौथ्याला १:३०, दहा उरले, आणि तो बोलायचा थांबला. पाचवं १:३४. सहावं १:३७, तीन सेकंद, त्यात त्याने घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही, माझ्याकडे बघून निघाला. सातव्याला काटा ४० ओलांडून ४१ वर गेला तेव्हा त्याचा हात लागला. त्याची निघायची वेळ तोवर होऊन गेली होती. तो लेनच्या दोरीवर हात टाकून उभा राहिला.

घरी येताना गाडीत मी त्याचे आकडे पुन्हा पुन्हा मांडत होते. त्याच्या पहिल्या सहा शंभरांची बेरीज ८ मिनिटं ४६ सेकंद होते. माझी सहा शंभरं, प्रत्येक १:२८ ला, म्हणजे ८ मिनिटं ४८. सहाशे मीटरला दोघांत दोन सेकंदांचा फरक. आणि विश्रांती? त्याची एकवीस, एकोणीस, पंधरा, दहा, सहा आणि तीन, एकूण चौऱ्याहत्तर सेकंद. माझी सहा गुणिले बारा, बहात्तर. म्हणजे त्याला माझ्यापेक्षा विश्रांती कमी मिळाली नव्हती. दोन सेकंद जास्तच मिळाली होती. फक्त ती नको तेव्हा मिळाली. अंगात ताकद होती तेव्हा एकवीस सेकंद भिंतीपाशी नुसते गेले, आणि ज्या वेळी बारा सेकंदांनी त्याचा हात सावरला असता त्या वेळी हाताशी तीन होते.

त्या दिवसापासून विश्रांतीबद्दलचा माझा विचार बदलला. विश्रांती साठवता येत नाही. सकाळी मिळालेला मोकळा तास रात्री खर्चायला ठेवता येत नाही. आंब्याच्या हंगामात आमच्या घरात पहाटेपासून पेट्या भरायचं काम चालतं. उशिरा कळायला लागलं की ज्या दिवशी सगळे सुरुवातीला झपाटल्यासारखे भरतात आणि मग दहा वाजता चहाला तासभर बसतात, त्या दिवशी संध्याकाळी कुणाचा तरी आवाज चढतो, एखादी पेटी पुन्हा उघडावी लागते. आजी संथ भरायची. तिला बसलेली अशी फारशी कुणी बघितली नाही, पण प्रत्येक पेटीनंतर ती क्षणभर पाठ सरळ करायची आणि पदराने तोंड पुसायची. दिवस संपताना तिचं शेवटचं फळ पहिल्या फळासारखंच गवतात बसलेलं असायचं.

पण एवढ्यावर थांबलं तर हे सगळं फार सोयीचं होईल. कारण त्याच घड्याळात दुसरी एक गोष्ट आहे आणि ती मला अस्वस्थ करते. एकाच १:४० वर चौघं पोहत असतील तर सगळ्यात वेगवान माणसाला सगळ्यात जास्त विश्रांती मिळते आणि सगळ्यात हळू माणसाला सगळ्यात कमी. १:२५ वाल्याला पंधरा सेकंद, १:३६ वालीला चार. ज्याला ती सर्वांत जास्त हवी त्याच्याच वाट्याला ती सर्वांत कमी येते. काटा दोघांसाठी सारखाच फिरतो, आणि त्या सारखेपणातच हा अन्याय आहे.

त्या लेनमध्ये अशी एक मुलगी आली होती. शाळकरी, जिद्दीची, मोठ्यांच्या मागे लागलेली. ती १:३६ ला पोचायची, चार सेकंदांत पाय भिंतीवर लावून पुन्हा निघायची. पहिली चार-पाच शंभरं वेळ अजिबात हलली नाही. कुणीही म्हटलं असतं, जमतंय हिला. पण सर घड्याळाकडे बघतच नव्हते. ते काठाने चालत तिचे हात मोजत होते. पहिल्या शंभरात एका लांबीला तिचे ४६ हात व्हायचे. पाचव्यात ५३ झाले. वेळ तीच, पण तीच वेळ गाठायला सात हात जास्त. म्हणजे प्रत्येक हात पाणी कमी धरत होता, आणि ती घाईने तो तोटा भरून काढत होती. वेळ सर्वांत शेवटी ढासळते. त्याच्या कितीतरी आधी हात तोकडा होतो. हे घड्याळात दिसत नाही, आणि ज्याला फक्त घड्याळ वाचता येतं त्याला ते कळतही नाही.

सरांनी तिला थांबवलं आणि पलीकडच्या लेनमध्ये पाठवलं. "तू वन-फिफ्टीवर." तिचा चेहरा पडला. त्यांनी वाकून तिला हळू आवाजात सांगितलं, "तुझा स्पीड तोच ठेवायचाय, छत्तीसच. फक्त आता चौदा उरतील." दहा शंभरांत हा फरक किती? १:४० वर पूर्ण सेट १६ मिनिटं ४० सेकंदांचा, १:५० वर १८ मिनिटं २० सेकंदांचा. शंभर सेकंद. तेवढे दिल्यावर दहाव्या शंभरापर्यंत तिचा हात टिकला. ती लेन बघायला मला छान वाटलं: साठ, पन्नास, चाळीस, तीस, वीस, दहा. तिचा त्रिकोण जाऊन षटकोन आला होता.

मी अनेकदा त्या शंभर सेकंदांचा विचार करते. आपल्या आसपास कितीतरी कामं अशी आहेत की निघायची वेळ सगळ्यांना एकच लावलेली असते आणि मग उरेल ते ज्याचं त्याने घ्यायचं. वर्गात एकच तास, कारखान्यात एकच पाळी, घरात एकच जेवणाची वेळ. भरभर उरकणाऱ्याला वाटतं, आपण कष्टाने मोकळा वेळ कमावला. तो काही खोटं म्हणत नाही. पण ज्याला चार सेकंद उरतात त्याने कष्ट कमी केलेले नसतात. आपली आई, आत्या, शेजारीण दिवसभरात बसलेली का दिसत नाही, याचं उत्तर त्यांच्या वेगात शोधू नये. त्यांना लावलेला आकडा आधी बघावा. चांगला प्रशिक्षक आकडा बदलतो. माणूस बदलायच्या मागे लागत नाही.

सप्टेंबर सरला, पाणी निवळलं की मी वेंगुर्ल्याच्या समुद्रात परतते. तिथे भिंत नाही, काटा नाही, शंभर मीटर कुठे संपले हे सांगणारी रेघ नाही. "समुद्रात घड्याळ कोण बघता?" असं आमचा मामा विचारतो, आणि त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही. चिवल्याला किलोमीटर पोहताना बारा सेकंद भिंत धरायला मिळणार नाही हे मला माहीत आहे. तिथे नेता येते ती फक्त चाल. पहिल्या दोनशे मीटरांत, किनाऱ्यावरच्या गर्दीतून सगळे सुसाट सुटतात तेव्हा आपला हात पुढे जाऊन नीट पाणी धरतोय का, हे बघत राहायचं. मधे एखादी लाट येते, उचलते, खाली ठेवते. तेवढ्यात एक हात सैल सोडता येतो. प्रत्येक हात पाण्याबाहेरून पुढे जाताना क्षणभर काहीच ओढत नसतो. सर म्हणतात, समुद्रातली विश्रांती तिथे असते. ती बारा सेकंदांची फट शेकडो तुकड्यांत वाटली गेलेली असते, आणि ज्याने तलावात ती जपायला शिकून घेतलं त्यालाच ती सापडते.

यंदा पाऊस ओसरताना सरांनी मला विचारलं, पुढे काय करायचं. दोन वाटा आहेत. १:३५ वर जायचं, म्हणजे त्याच चालीला सात सेकंद उरतील आणि काटा बारा ठिकाणी नाचवेल. किंवा १:४० वरच राहायचं आणि १:२६ ला पोचायला शिकायचं, म्हणजे चौदा उरतील. दोन्हीला मेहनत लागते, पण ती वेगळी. पहिलीत कमी विश्रांतीवर चालवून घ्यायला शिकतो, दुसरीत विश्रांती वाढवायला. मी अजून ठरवलेलं नाही. तिसरी वाट सर बोलले नाहीत, पण तीही मला दिसते. वय त्याचं काम करत असतं. काही वर्षांनी १:२८ चे १:३१ होतील, मग १:३३. त्या वेळी नऊ, मग सात सेकंदांवर भागवत १:४० ला चिकटून राहायचं, की १:४५ लावून त्रिकोणाचा चौकोन करायचा आणि आपले बारा सेकंद तसेच राखायचे? त्या मुलीसाठी उत्तर किती सरळ होतं. स्वतःसाठी तोच आकडा बदलायला कोण वाकून सांगतं, आणि सांगितलं तर आपण ऐकू का, हे मला अजून कळायचं आहे.